गाडीचे बुकिंग रद्द केल्यावर ॲडव्हान्स परत मिळवताना : माझा अनुभव

बुकिंग रद्द करायला शोरूमने अजिबात आडकाठी केली नाही. अडले ते त्यापुढे, अकाउंट्स विभागात, आणि तेही चार हजार रुपयांच्या फरकावर. रक्कम फार मोठी नव्हती. पण ती ज्या कारणासाठी कापली जात होती, ते कारण त्यांच्याच छापील अटींत बसत नव्हते, आणि म्हणूनच मी ती सोडायला तयार नव्हते.

आम्ही नाशिकमधील एका शोरूममध्ये जानेवारीत पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी नोंदवली आणि २१,००० रुपये यूपीआयने भरले. पाडव्याला गाडी दारात येईल असे सेल्समनने सांगितले होते. मार्चमध्ये चौकशी केली तेव्हा हे मॉडेल जूनच्या आधी येण्याची शक्यता नाही असे कळले. सासऱ्यांना उपचारांसाठी वारंवार मुंबईला न्यावे लागत असल्यामुळे तेवढे थांबणे आम्हाला शक्य नव्हते, म्हणून आम्ही बुकिंग रद्द करायचे ठरवले.

अर्ज लिहिण्यापूर्वी मी बुकिंग फॉर्मच्या मागील बाजूच्या अटी वाचून काढल्या. त्यांत रद्द करण्याचे तीन टप्पे दिले होते. गाडीचे वाटप होण्यापूर्वी रद्द केल्यास १,००० रुपये कापले जातील. वाटप होऊन चॅसिस क्रमांक ग्राहकाला लेखी कळवल्यानंतर रद्द केल्यास ५,००० रुपये. आणि बिल झाल्यानंतर रद्द केल्यास १०,००० रुपये व त्याशिवाय विमा आणि नोंदणीसाठी प्रत्यक्ष झालेला खर्च. रक्कम मूळ पावती, लेखी अर्ज आणि रद्द केलेला धनादेश मिळाल्यापासून तीस दिवसांत परत केली जाईल, असेही त्यात होते. प्रत्येक विक्रेत्याचे आकडे वेगळे असतात, परंतु रचना बहुतेक अशीच टप्प्यांची असते, आणि आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे ठरवणारी गोष्ट कोणती, हे त्या बारीक अक्षरांतून शोधून काढावे लागते. आमच्या फॉर्ममध्ये ती गोष्ट होती चॅसिस क्रमांक लेखी कळवणे.

पाडव्याचे वचन मोडले म्हणून संपूर्ण रक्कम मागावी, असे घरातील सगळ्यांचे मत होते. मी तो मार्ग घेतला नाही. फॉर्मवर डिलिव्हरीच्या तारखेपुढे ‘अंदाजे’ असे छापलेले होते आणि विलंबाची जबाबदारी विक्रेत्यावर राहणार नाही अशी अटही होती. पाडव्याची गोष्ट केवळ तोंडी झाली होती. सेल्समनचा तारीख सांगणारा व्हॉट्सॲप संदेश कुणाकडे असेल, तर त्याने विलंबाचा मुद्दा अवश्य मांडावा. आमच्याकडे तसा पुरावा नव्हता. तेव्हा १,००० रुपयांची कपात मान्य करून उरलेले २०,००० रुपये मागणे मला अधिक भक्कम वाटले, कारण तेथे वादाला जागाच उरत नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

अर्ज मी ईमेलने सेल्स मॅनेजरला पाठवला आणि त्याची प्रत वाहन कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला लावली. मजकूर थोडक्यात असा होता : ‘बुकिंग क्रमांक अमुक, पावती क्रमांक अमुक, भरलेली रक्कम २१,००० रुपये. आजपर्यंत मला कोणताही चॅसिस क्रमांक लेखी कळवण्यात आलेला नाही आणि बिलही झालेले नाही. त्यामुळे बुकिंग फॉर्ममधील रद्द करण्याच्या अटीतील पहिल्या टप्प्यानुसार १,००० रुपये वजा करून २०,००० रुपये सोबत जोडलेल्या धनादेशावरील खात्यात जमा करावेत.’ यातील चॅसिस क्रमांकाचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते. ते त्या दिवशी लिहिले नसते तर पुढची सगळी लढाई कठीण झाली असती. सेल्समनला मी फोनही केला होता, पण फोनची तारीख सिद्ध करता येत नाही, ईमेलची येते. मूळ पावती देताना तिच्या झेरॉक्सवर शोरूमचा शिक्का आणि तारीख घेतली, कारण तीस दिवस तेथूनच मोजले जाणार होते.

त्यानंतर बराच काळ ‘फाइल अकाउंट्सला गेली आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले. मुदत संपल्यावर मी स्वतः तेथे गेले, तेव्हा अकाउंट्समधील गृहस्थांनी १६,००० रुपयांचे व्हाउचर समोर ठेवले आणि त्यावर सही करण्यास सांगितले. व्हाउचरवर ‘संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असे छापलेले होते. पैसे खात्यात जमा झालेले नसताना, आणि रक्कमही मान्य नसताना, अशा कागदावर सही करणे म्हणजे उरलेल्या रकमेवरचा हक्क आपल्या हाताने सोडणे होय. मी सही केली नाही आणि कपातीचे कारण विचारले. ‘मॅडम, गाडी तुमच्या नावावर टॅग झाली होती, म्हणजे वाटप झालेच,’ असे ते म्हणाले.

संपूर्ण प्रकरण येथेच अडकले. विक्रेत्याच्या संगणकात एखादी गाडी ग्राहकाच्या नावापुढे टॅग केली जाते, ती त्यांच्या अंतर्गत सोयीसाठी. कारखान्यातून निघालेली किंवा यार्डात असलेली गाडी आज एका ग्राहकापुढे तर उद्या दुसऱ्यापुढे दाखवता येते, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. अटीत मात्र क्रमांक लेखी कळवण्याची गोष्ट होती, टॅगिंगची नव्हती. मी त्यांना ईमेलने दोनच प्रश्न विचारले : चॅसिस क्रमांक कोणता, आणि तो मला कोणत्या तारखेला कळवला? उत्तरात सतरा अक्षरांचा क्रमांक आला, पण तारीख आली नाही. मी पुन्हा तारीख मागितली, तेव्हा त्यांनी वाटपाच्या नोंदीचे एक छायाचित्र पाठवले. त्यावरची तारीख माझ्या रद्द करण्याच्या अर्जानंतरची होती. शिवाय तो क्रमांक मला लेखी कळवणारा पहिला कागद म्हणजे त्यांचा तोच ताजा ईमेल होता. बुकिंग रद्द झाल्यावर गाडी वाटून त्याचे शुल्क मागता येत नाही, हे मी त्यांच्याच छायाचित्राचा आधार देऊन कळवले.

यावर वाटपाचा मुद्दा मागे पडला आणि जीएसटीचा पुढे आला. ॲडव्हान्सवर कर भरून झाला आहे, तो सरकारकडून परत येत नाही, म्हणून कपात करावी लागते, असे मला सांगण्यात आले. हे कारण अनेक ठिकाणी दिले जाते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिते. वस्तूंच्या विक्रीसाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर कर भरण्याची वेळ १५ नोव्हेंबर २०१७ च्या केंद्रीय कर अधिसूचना क्रमांक ६६/२०१७ ने बदलली आहे. लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत नसलेल्या विक्रेत्याला वस्तूंवरील कर बिलाच्या वेळी भरावा लागतो, ॲडव्हान्स घेताना नाही. सेवांसाठी ही सवलत नाही, पण गाडी ही वस्तू आहे. आमचे बिल झालेलेच नव्हते. मी अधिसूचनेचा क्रमांक लिहून, कर भरल्याचा दाखला द्यावा अशी विनंती केली. तो दाखला आला नाही आणि जीएसटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तरीही पैसे येईनात. वाहन कंपनीने विक्रेता हा स्वतंत्र व्यावसायिक असल्याचे उत्तर दिले, परंतु तक्रार क्रमांक दिला आणि आमचा ईमेल शोरूमच्या प्रमुखांकडे पाठवला. त्यानंतर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही; ती तक्रार संबंधित कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. असे असले तरी शोरूममधील माझ्याशी बोलणारी व्यक्ती त्या तक्रारीनंतर बदलली, आणि अकाउंट्सऐवजी जनरल मॅनेजर स्वतः बोलू लागले.

त्यांना मी शेवटची नोटीस ईमेलनेच पाठवली. तिच्यात अटींबरोबर भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ चा उल्लेख केला. करारात भरपाईची रक्कम लिहिलेली असली, तरी या कलमानुसार ती कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. ॲडव्हान्स जप्त करण्यालाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात म्हटले आहे. ज्या मॉडेलसाठी ग्राहक जूनपर्यंत रांगेत उभे आहेत, त्याचे एक बुकिंग रद्द झाल्याने शोरूमचे नुकसान काय झाले, हा माझा प्रश्न होता. रक्कम न मिळाल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, असेही लिहिले. तक्रारदार जेथे राहतो तेथे ही तक्रार करता येते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

या संदर्भात एक गोष्ट वकील असलेल्या मैत्रिणीने वेळीच सांगितली. शोरूमच्या अटीच अन्यायकारक आहेत, म्हणजे ‘अनुचित करार’ आहे, असा दावा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात करता येत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. आमचे म्हणणे अटी वाईट आहेत असे नव्हतेच; अटी पाळा, एवढेच होते. म्हणून नोटिशीत अनुचित कराराचा शब्द आम्ही मुद्दाम टाळला.

नोटिशीनंतर काही दिवसांतच २०,००० रुपये माझ्या खात्यात जमा झाले. मला झालेले समाधान त्या चार हजारांपेक्षा कितीतरी मोठे होते, हे मी मोकळेपणाने सांगते.

राहून गेलेल्या दोन बाबी लिहिते. आमचे बुकिंग सासऱ्यांच्या नावावर होते आणि पैसे माझ्या खात्यातून गेले होते, त्यामुळे रक्कम माझ्या खात्यात देण्यास हरकत नाही असे त्यांचे सहीचे पत्र आणि पॅन कार्डची प्रत अर्जासोबतच जोडली होती. नावे वेगळी असतील तर हे पत्र पहिल्याच दिवशी द्यावे, नाहीतर फाइल थांबवण्याचे आणखी एक कारण त्यांना मिळते. दुसरी बाब सह्यांची. बुकिंगच्या वेळी त्यांनी सासऱ्यांकडून नोंदणीच्या फॉर्म २० वर कोऱ्या सह्या घेतल्या होत्या. पैसे मिळाल्यावर मी ते फॉर्म आणि आधारच्या प्रती परत मागितल्या, आणि त्या हातात आल्यानंतरच बुकिंग बंद झाल्याचे पत्र स्वीकारले.