आईच्या फोनवरचं ध्यानाचं अ‍ॅप

बाबा गेल्यावर आईला झोप लागेना, म्हणून माझ्या भाच्याने तिच्या फोनवर ध्यानाचं एक अ‍ॅप टाकून दिलं. त्याला वाढदिवसाला मिळालेलं ₹१,५०० चं गिफ्ट कार्ड त्याने त्यासाठी वापरलं. काही महिन्यांनी आईने अ‍ॅप काढून टाकलं आणि आम्हाला वाटलं, विषय संपला.

वर्षाने भाच्याचा फोन आला. "मामा, उद्या माझ्या यूपीआयमधून पंधराशे जाणार असा मेसेज आलाय. आजी अजून वापरते का ते?"

फोनवरून अ‍ॅप काढलं तरी वर्गणी चालूच राहते. गिफ्ट कार्डची रक्कम पहिल्याच वर्षात संपली होती, त्यामुळे पुढची वसुली त्याने पर्यायी म्हणून जोडलेल्या यूपीआयकडे वळली.

मी आईच्या फोनवर प्ले स्टोअर उघडलं, पण तिथे एकही वर्गणी दिसेना. दिसणार कशी? वर्गणी ज्या गूगल खात्यातून घेतली त्याच खात्यात दिसते, मग फोन कुणाचाही असो. भाच्याची खाती दोन. नेहमीच्या खात्यात काहीच नव्हतं. मग मी त्याला दोन्ही मेलमध्ये GPA असं शोधायला सांगितलं, कारण प्लेच्या पावतीवरचा ऑर्डर क्रमांक याच अक्षरांनी सुरू होतो. पावती त्याच्या शाळेच्या दिवसांतल्या जुन्या खात्यात सापडली.

ते खाते आईच्या फोनवरून कधीच निघालं होतं, पण त्याने अडलं नाही. त्याने ब्राउझरमध्ये त्या खात्याने लॉगिन करून play.google.com/store/account/subscriptions उघडलं, अ‍ॅपसमोरच्या Manage वर दाबून Cancel subscription निवडलं, कारण विचारलं ते भरलं आणि पुन्हा एकदा रद्दवर दाबलं. वर्गणी रद्द झाल्याचं आणि ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे तिथेच दिसलं, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपेही त्याने नंतर बंद केला. नुसता तोच बंद केला असता, तर पैसे अडले असते, पण प्लेमधली वर्गणी तशीच राहिली असती.

अ‍ॅपमधलं खातं मात्र वेगळं होतं. ते आईच्या मेलवर होतं आणि ते मिटवल्याने वर्गणी थांबेलच असं नसतं, म्हणून मी आधी वर्गणी थांबू दिली. मग अ‍ॅप पुन्हा टाकून लॉगिन केलं. आत आईने रोज रात्री लिहिलेल्या दोन-दोन ओळी होत्या. "आज चहाला दोन कप काढले" अशी एक.

मी फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, वही घेतली आणि सावकाश एकेक ओळ उतरवून काढली. मग म्हणाली, "आता पुसून टाक."

सेटिंग्जमध्ये जाऊन मी खातं मिटवलं.