समांतर शाखांतला करंट: मीटर लावला की बेरीज का चुकते?

या आठवड्याची जोडणी: ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरला २२० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे १० व २२ ओहमचे दोन रेझिस्टर समांतर. सगळे पाव वॉटचे, नागपुरात बर्डीवर सुटे मिळतात तेच.

फर्स्ट इयरला बहुतेकांच्या डोक्यात असतं की करंट फाट्यावर येतो आणि सोपी वाट बघून वळतो. तसं नाही. दोन्ही रेझिस्टरांची वरची टोकं ब्रेडबोर्डच्या एकाच पट्टीत आहेत, खालची टोकंही एकाच पट्टीत. म्हणून दोघांवरचं व्होल्टेज एकच, वेगळं असायला जागाच नाही. आता प्रत्येक शाखेला ओहमचा नियम स्वतंत्रपणे लावा: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. वरचा आकडा सारखा, खालचा वेगळा, म्हणून जिथे रोध २.२ पट तिथे करंट २.२ पटीने कमी. पण शून्य नाही. जास्त रोधाची शाखाही आपला वाटा घेतेच.

आकडे बघू. १० आणि २२ समांतर म्हणजे ६.८७५ ओहम. २२० धरून एकूण २२६.९, करंट २२ मिलिअँपिअर. जोडीवर येतात १५१.५ मिलिव्होल्ट. म्हणून १० ओहममधून १५.१५ आणि २२ ओहममधून ६.८९ मिलिअँपिअर. बेरीज जुळली.

खरी गंमत मोजताना होते. स्वस्त पिवळ्या मीटरच्या २० मिलिअँपिअर रेंजमध्ये आतला शंट, म्हणजे मोजायचा करंट ज्यातून जातो तो रेझिस्टर, साधारण १० ओहमचा असतो. करंट मोजायला मीटर शाखेत सिरीजमध्ये घालावा लागतो, म्हणजे १० ओहमची शाखा आता २० ओहमची झाली! गणित पुन्हा केलं तर तिथे ११.४ दिसायला हवेत. मग मीटर दुसऱ्या शाखेत घातला की २२ चे ३२ होतात आणि दिसतात ५.२. बेरीज १६.६, म्हणजे तब्बल साडेपाच मिलिअँपिअर गायब. फाट्यावर आलेला करंट म्हणजे शाखांतल्या करंटची बेरीज, असं सांगणारा किरचॉफ चुकला नाही, आपण दर वेळी वेगळंच सर्किट मोजलं.

२०० च्या रेंजवर शंट सुमारे १ ओहमचा, त्यामुळे १४.७ आणि ६.७ येतात. बरंच जवळ, तरी कमीच.

आम्ही करंट मोजतच नाही. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रोब रेझिस्टरच्या दोन्ही पायांवर थेट टेकवायचे आणि आलेला आकडा रोधाने भागायचा. व्होल्टेज रेंजचा अंतर्गत रोध मेगाओहमचा, त्याने काहीच हलत नाही. रोध मात्र आधी, रेझिस्टर सर्किटबाहेर काढून मोजा. सोनेरी पट्टी म्हणजे रोध ५ टक्के कमीजास्त असू शकतो, आणि १० ओहमसारख्या छोट्या किमतीत प्रोबच्या तारांचा रोधही मिसळतो. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो तो वजा करा.