दहावा खंड, पण कोणता?

छापायला जाणाऱ्या पुस्तकांचे संदर्भ तपासणं हे माझं रोजचं काम. परवा गांधीविचारांवरच्या एका पुस्तकाची तळटीप समोर होती: ‘हिंद स्वराज, कलेक्टेड वर्क्स ऑफ महात्मा गांधी, खंड १०, पृ. २४५’. सूचीतली नोंद एकच: प्रकाशन विभाग, दिल्ली, १९५८–१९९४, १०० खंड. दिसायला सगळं ठीकठाक.

छापील दहाव्या खंडाचं स्कॅन उघडलं. हिंद स्वराज तिथे पान ६ ला सुरू होतं आणि ६८ ला संपतं. २४५ व्या पानावर भलताच मजकूर. टंकलेखनाची चूक म्हणावी, तर ६ चा २४५ कसा होईल?

आकडा सोडून मी खंडाच्या कालमर्यादेकडे वळले. गांधींचं हे समग्र वाङ्मय तारखेच्या क्रमानं लावलेलं आहे. छापील दहावा खंड नोव्हेंबर १९०९ मध्ये उघडतो, आणि हिंद स्वराज त्याच महिन्यात बोटीवर लिहिलेलं, म्हणून ते अगदी सुरुवातीला येतं. १९९९ च्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीतला दहावा खंड मात्र ऑगस्ट १९०९ पासून सुरू होतो. आधीच्या तीन महिन्यांचा मजकूर पुढे येऊन बसतो आणि हिंद स्वराज मागे सरकतं, थेट २४५ व्या पानावर. खंडाचा आकडा योगायोगानं तोच राहिला, हा त्यातला खरा घात. आकडा बदलला असता तर कुणाला तरी आधीच शंका आली असती.

ही सरकासरकी पुरवणी खंडांमुळे झाली. छापील मालिकेत ९० व्या खंडापर्यंत कालक्रम आहे; उशिरा हाती आलेली पत्रं ९१ ते ९७ मध्ये, मग दोन सूचीखंड आणि शंभरावा प्रस्तावनांचा. इलेक्ट्रॉनिक आवृत्तीनं पुरवणीतली पत्रं आपापल्या तारखेला घातली आणि खंड ९८ केले. त्या आवृत्तीतल्या गाळलेल्या मजकुरावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि ती मागे घेतली गेली, पण तिच्या पीडीएफ अजून सगळीकडे फिरतात. शोधायला सोप्या, म्हणून लोक त्याच वापरतात. दोष तरी कुणाला द्यायचा?

बाकीच्या टिपा तारखेवरून पडताळल्यावर कळलं की लेखिकेनं दोन्ही आवृत्त्या मिसळल्या आहेत. पहिली प्रकरणं ग्रंथालयात बसून छापील खंडांवरून लिहिलेली, पुढची घरी पीडीएफवरून. त्यात गांधींनी आपले दक्षिण आफ्रिकेतले मित्र कॅलनबाख यांना लिहिलेल्या १९०९ च्या एका पत्रापुढच्या ‘खंड ९६’ ला आमच्याकडच्या मुद्रितशोधकानं लाल गोल करून ‘९?’ असं लिहून ठेवलेलं. तर्क बरोबर, निष्कर्ष चुकीचा. कॅलनबाखची पत्रं उशिरा मिळाली, म्हणून छापील मालिकेत ती पुरवणीच्या ९६ व्या खंडात आहेत. लाल गोल खोडला.

लेखिकेला फोन केला. त्या म्हणाल्या, “मॅडम, सूचीत दोन आवृत्त्यांच्या दोन नोंदी करा ना, संपलं!” कागदावर ते चालतं. पण मग प्रत्येक टिपेत आवृत्ती लिहावी लागते आणि वाचकाला दोन्ही जवळ ठेवाव्या लागतात. शेवटी सगळे संदर्भ छापील आवृत्तीवर आणायचं ठरलं. शिवाय प्रत्येक टिपेत पत्राची किंवा लेखाची तारीख घालायची, म्हणजे उद्या कुणाकडे वेगळा संच असला तरी मजकूर तारखेवरून सापडेल. ‘१०:६’ म्हणजे खंड १०, पान ६, ही खूण टिपांपुरती ठेवली. ‘१०० खंड’ हे फक्त सूचीत, जिथे पूर्ण संचाची नोंद आहे. टिपेत एकूण खंडांची संख्या घालायची लेखकांना भारी हौस असते. वाचकाला तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग वर्षाचा वाद. मजकुरात त्यांनी ‘गांधी १९६३’ लिहिलेलं, कारण दहावा खंड त्या साली छापला. वाचणाऱ्याला वाटावं, गांधी १९६३ मध्ये लिहीत होते! मूळ वर्ष चौकटी कंसात आणि मागोमाग खंडाचं वर्ष, असं सुचवलं: ‘गांधी [१९०९] १९६३, १०:६’. ते पटलं. पण अडचण अशी, की गुजराती मजकूर डिसेंबर १९०९ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये छापून आला, आणि गांधींनी स्वतः केलेलं इंग्रजी भाषांतर १९१० चं. लेखिकेची अवतरणं सगळी इंग्रजी. एके ठिकाणी तर त्यांनी गांधींच्या एका इंग्रजी शब्दावर अख्खा परिच्छेद रचलेला, आणि कंसात १९०९!

“सगळीकडे १९०९ च करून टाका, लोकांना तेच माहीत असतं,” त्या म्हणाल्या. विचारांची उत्क्रांती सांगताना १९०९ ठेवलं. अवतरणांपुढे मी [१९१०] केलं आणि प्रूफ पाठवलं. समासात त्यांनी “बरं” एवढंच लिहून परत केलं.