थर्ड फॉर्मचा कॉलम बसवताना : माझा अनुभव

भाची यंदा दहावीला, कळव्याला राहते, मराठी मीडियम. क्लासमध्ये इरेग्युलर व्हर्बचा तक्ता दिलेला, पहिला फॉर्म, दुसरा, तिसरा आणि शेवटी वाक्य, सगळं एबीसीडीच्या क्रमाने. पाठ एकदम पक्कं होतं, गो-वेन्ट-गॉन धडाधड म्हणायची, पण लिहायला बसली की 'शी हॅज वेन्ट', 'द बस हॅज केम'.

तक्ता नीट बघितला तेव्हा कळलं, वाक्याच्या कॉलममध्ये जिकडेतिकडे दुसराच फॉर्म वापरलाय, तिसरा नुसता छापलाय, तो लागतो कुठे हे दाखवणारं एकही वाक्य नाही. त्यात आपल्या मराठीत 'ती गेली' आणि 'ती गेली आहे', गेली ते गेलीच राहतं, मग हॅज आल्यावर क्रियापद बदलायचं हे पोरांना सुचणार कसं?

मग वही नवीन केली आणि एबीसीडी सोडून दिली. कट-कट-कट, पुट-पुट-पुट एका पानावर, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, टीच-टॉट-टॉट, कीप-केप्ट-केप्ट दुसऱ्या पानावर. या दोन्ही पानांवर दुसरा आणि तिसरा फॉर्म सारखाच, म्हणजे हॅव लावून चुकायला जागाच नाही, ती पानं पटकन उरकली. खरा वेळ दिला तो दुसरा-तिसरा वेगळा असणाऱ्यांना: गो, सी, ईट, राइट, ब्रेक, टेक, ड्रिंक, बिगिन. आणि कम, रन हेसुद्धा यातच, कारण कम-केम-कम मध्ये तिसरा फॉर्म परत पहिल्यासारखा होतो, म्हणून 'हॅज केम' नाही, 'द बस हॅज कम'.

या पानावर प्रत्येक व्हर्बला दोन वाक्यं, एकाखाली एक, आणि ती तिनेच बनवायची:

शी वेन्ट टू वाशी यस्टरडे.
शी हॅज गॉन टू वाशी.

वरच्यात काल असं सांगितलंय म्हणून दुसरा फॉर्म, खालच्यात ती अजून तिकडेच आहे, परत आलेली नाही. मग तिने विचारलं, "मावशी, हॅज गॉन यस्टरडे चालेल का?" नाही चालत, यस्टरडे, लास्ट वीक असं काही आलं की हॅज काढायचा आणि दुसऱ्या फॉर्मवर यायचं, हे तिला दोन वाक्यं शेजारी बघूनच पटलं. ब्रेकला तिसरं वाक्यही घेतलं, 'द विंडो वॉज ब्रोकन', कारण पॅसिव्हलाही तिसराच फॉर्म लागतो.

ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, बिगिन-बिगॅन-बिगन हे सोबत म्हटले की चालीवर बसतात, फक्त त्या चालीत ब्रिंग ओढला जातो आणि स्विंगही (त्याचं स्विंग-स्वंग-स्वंग), म्हणून हे दोन त्याच पानाच्या तळाशी लाल पेनने लिहून घेतले. आता ट्रेनमध्ये ऐरोलीपर्यंत मी मराठी वाक्य टाकते, "त्याने पत्र लिहिलं आहे", आणि ती आधी हॅज म्हणते मग रिटन.