डाग कमी झाले, पण तोंड उघडेना

सोमवारी रात्री थंडी वाजून १०२ ताप आला आणि सकाळी चहाचा घोटही गिळवेना. खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं. बुधवारी आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून आ केला, तर दोन्ही टॉन्सिल लालभडक सुजलेले आणि त्यांवर साबुदाण्याच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. जबड्याखाली दोन गाठी हाताला लागत होत्या, दाबल्या की दुखायच्या.

आमच्या डॉक्टरांनी तेव्हा फोनवर सांगितलेलं मला आजही आठवतं. पांढरे ठिपके दिसले म्हणजे अँटिबायोटिक हवंच असं नाही, व्हायरसनेही तसेच दिसतात. पण ताप, ठिपके, मानेच्या पुढच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं या चार गोष्टी एकत्र आल्या की स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा संशय वाढतो. तरीही खात्री तपासूनच होते, म्हणून 'उद्या या' म्हणाले. मी गेले नाही. ऑफिसमध्ये महिनाअखेरची कामं होती.

घरचे उपाय मात्र नेमाने केले. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, ताप चढला की पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत निदान सहा तास ठेवून. सासूबाई भाताची पेज गार करून द्यायच्या. कडक, तिखट काही नाही, पाणी थोडं थोडं पण सतत. याने आराम पडतो हे खरं आहे. शेजारच्या काकू बोटाला हळद लावून टॉन्सिल चोळून द्यायला निघाल्या होत्या, त्यांना मी हात जोडले. सुजलेल्या जागेवर बोट घासलं की ती सोलवटते, रक्त येतं, डाग जात नाहीत.

माझी खरी चूक गुरुवारी झाली. नवऱ्याच्या जुन्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या घेतल्या. शुक्रवारी ताप उतरला, शनिवारी ठिपके निम्मे झाले. रोज सकाळी मी टॉर्च लावून ते मोजत होते आणि कमी होताना पाहून बरं वाटत होतं.

पण शनिवारी संध्याकाळपासून दुखणं एकाच बाजूला, उजवीकडे सरकलं. गिळलं की कळ थेट कानात जायची. बोलले की आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा यायचा. रात्री ब्रश करताना तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. पहाटे उशी लाळेने भिजलेली होती, कारण स्वतःची थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. ताप पुन्हा १०३.

रविवारीच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जिभेवर पट्टी दाबून पाहिलं आणि नवऱ्यालाही दाखवलं: पडजीभ मधोमध लोंबायच्या ऐवजी डावीकडे ढकलली गेली होती. उजव्या टॉन्सिलच्या मागे पू साठला होता. इंग्रजीत याला क्विन्सी म्हणतात आणि तरुण वयात तो जास्त दिसतो. डाग टॉन्सिलवर असतात, पू टॉन्सिलच्या मागे साठतो, त्यामुळे डाग कमी होत असतानाही आतलं वाढू शकतं, असं त्यांनी समजावलं. दोन गोळ्यांनी जंतू पुरते मेले नव्हते, ताप तेवढा दबला होता.

खुर्चीत बसवूनच घशात बधिर करणारा स्प्रे मारला, मग सुई घालून पू ओढला. सिरिंज अर्धी भरली. वास घाण होता आणि तोंड कडू झालं, पण दहा मिनिटांत मी पाण्याचा घोट गिळला. दोन दिवस सलाइनमधून औषधं, पुढे गोळ्या, मिळून दहा दिवस.

श्वास घेताना घरघर झाली असती किंवा मान वळवता आली नसती, तर तपासण्यांसाठीही न थांबता थेट इमर्जन्सीत आणायला हवं होतं, असं ते नवऱ्याला बजावून सांगत होते. लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर पाणी पोटात जात नाही असं समजायचं.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याचाही घसा धरतो. त्याच्याबद्दल विचारलं, तर डॉक्टर जास्तच गंभीर झाले. पाच ते पंधरा वयात स्ट्रेप्टोकोकसचा घसा अर्धवट सोडला, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. म्हणून बरं वाटलं तरी दिलेला कोर्स संपवायचा. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, हेही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर मी ठिपके मोजणं सोडलं. रोज सकाळी मधली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघायचे. सोमवारी दोन गेली, गुरुवारी तिन्ही. त्या दिवशी दुपारी मी वरण-भात खाल्ला.