तुम्ही विचारलंत म्हणून: डिक्रीजजवळची भोकं

«तुमच्या अमिगुरुमीत टाके कमी केलेली जागा सापडतच नाही. माझ्या बाहुलीच्या हनुवटीखाली मात्र प्रत्येक डिक्रीजजवळ भोक पडतं आणि आतला कापूस दिसतो. नेमकं काय वेगळं करता?»

वेगळेपण सुई कोठे घातली जाते, यात आहे. मुके खांब विणताना, म्हणजे सिंगल क्रोशे करताना, आपण सुई टाक्याच्या डोक्यावरच्या दोन्ही लूपांखालून घालतो आणि बहुतेक जण टाके कमी करतानाही सवयीने तसेच करतात. मी डिक्रीजच्या वेळी फक्त पुढचे लूप घेते. यालाच इनव्हिजिबल डिक्रीज म्हणतात आणि अमिगुरुमीसारख्या विणलेल्या भरीव खेळण्यांसाठी मी सहसा दुसरी कोणतीही पद्धत वापरत नाही.

साध्या डिक्रीजमध्ये भोक का पडते, हे आधी पाहावे. तेथे पहिल्या टाक्यातून धागा ओढून एक लूप वर आणला जातो, मग दुसऱ्या टाक्यातून आणखी एक, आणि शेवटी सुईवरचे तीनही लूप एकत्र बांधले जातात. त्यामुळे तयार झालेल्या टाक्याला डोके एक असले, तरी त्याचे पाय दोन वेगवेगळ्या टाक्यांत रोवलेले असतात. हे पाय खाली फाकतात आणि वर एकत्र येतात, म्हणून त्यांच्यामध्ये एक लहानसा त्रिकोण उघडा राहतो. शिवाय दोन्ही टाक्यांच्या डोक्यांचे मिळून चार धागे एका ठिकाणी आवळले जातात आणि तेथे गाठीसारखा उंचवटा येतो. विणकाम रिकामे असेपर्यंत यातले फारसे काही जाणवत नाही. कापूस भरला की कापड चहूबाजूंनी ताणले जाते, आणि तो ताण सर्वांत आधी ज्या जागी धागा विरळ आहे तेथेच उघड होतो. हनुवटीखाली भोके जास्त दिसतात याचेही कारण हेच आहे, कारण तेथे डोक्याचा गोल झपाट्याने मानेकडे आवळत जातो आणि कापूसही तेथेच दाबून भरावा लागतो.

आता कृती. पुढच्या टाक्याचा फक्त पुढचा, म्हणजे तुमच्या बाजूचा लूप सुईवर घ्यावा. धागा अजिबात घेऊ नये. सुईचे टोक किंचित खाली झुकवून त्याच्या शेजारच्या टाक्याचाही पुढचाच लूप खालून वर उचलावा. या क्षणी सुईवर तीन लूप असतात, एक आधीपासून असलेला आणि दोन नव्याने उचललेले. आता धागा घेऊन तो फक्त या दोन नव्या लूपांतून ओढून आणावा, म्हणजे सुईवर दोन लूप उरतील. पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून काढावा. हे शेवटचे दोन टप्पे मुक्या खांबाचेच आहेत. फरक एवढाच की खांब एका टाक्याच्या दोन लूपांवर उभा न राहता दोन शेजारी टाक्यांच्या एकेका लूपावर उभा राहतो. उचललेले दोन लूप एकमेकांना बिलगून एका टाक्याच्या डोक्याचे काम करतात आणि वरच्या खांबाला पायांची एकच जोडी मिळते. त्रिकोण उघडा राहण्याचे कारणच उरत नाही. न घेतलेले दोन मागचे लूप आतल्या बाजूला आडव्या दांड्यांसारखे पडून राहतात, आणि खेळण्याच्या पोटात ते कोणाला दिसत नाहीत.

पहिला लूप सहज मिळतो, हाताला जड जातो तो दुसरा. पहिला लूप सुईवर ताणलेला असताना दुसऱ्याकडे वळताना टोक अडते आणि धाग्याचे पदर फाटतात. अशा वेळी जोर लावण्याऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्याने कापड थोडे वर ढकलावे, म्हणजे दुसऱ्या टाक्याचा लूप आपोआप उघडतो. सुती धागा फारसा ताणला जात नसल्यामुळे तेथे हे अधिक लागते, ॲक्रिलिक लोकरीत लूप थोडा लवचीक असतो. हात फार घट्ट असेल आणि दुसरा लूप काही केल्या येत नसेल, तर पहिल्या टाक्याचा फक्त पुढचा लूप आणि दुसऱ्या टाक्याचे दोन्ही लूप घेण्याचा मध्यममार्ग आहे. तो पूर्णपणे सपाट बसत नाही, पण साध्या डिक्रीजपेक्षा नक्कीच बरा दिसतो.

मात्र पुढचा लूप म्हणजे बाहेरच्या बाजूचा लूप, हे तेव्हाच खरे असते जेव्हा कामाची सुलट बाजू बाहेर असते. अमिगुरुमी न वळवता गोलगोल विणली जाते, आणि सुरुवातीच्या चकतीची वाटी होऊ लागली की ती पुष्कळदा उलट्या दिशेने वळते. सुलट बाजूला टाक्यांची «व्ही» अक्षरे एकाखाली एक दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा दिसतात. उजव्या हाताने विणताना व्हीची बाजू बाहेर असावी आणि सुई वाटीच्या तुमच्याकडच्या काठावर उजवीकडून डावीकडे चालावी. वाटी आतबाहेर झाली असेल, तर न घेतलेले लूप नेमके बाहेर येतात आणि प्रत्येक डिक्रीजपाशी एक दांडी उमटते. भोके नाहीत, पण बारीक कंगोरे दिसत आहेत, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावे.

मोजणीतही एक फसवी जागा आहे. डिक्रीज झाल्यावर मागे राहिलेला लूप कडेला डोकावतो आणि तो न विणलेला टाका वाटतो. त्यात सुई घातली की कमी केलेला टाका पुन्हा वाढतो, आणि फेरीच्या शेवटी आकडा जुळत नाही. डिक्रीजच्या डोक्यावर पूर्ण व्ही असतो, आणि पुढच्या फेरीत त्याच व्हीच्या दोन्ही लूपांखालून नेहमीसारखे विणायचे असते. फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर लावावा आणि कमी करण्याची प्रत्येक फेरी संपली की टाके मोजावेत.

36 टाक्यांच्या डोक्याचे उदाहरण घेऊ. सहसा 4 मुके खांब आणि 1 डिक्रीज असे 6 वेळा विणून 30 टाके होतात, मग 3 आणि 1 डिक्रीज 6 वेळा विणून 24, आणि असेच खाली 6 टाक्यांपर्यंत. हिशेब बरोबर आहे, पण या मांडणीत प्रत्येक डिक्रीज आधीच्या फेरीतल्या डिक्रीजला पोटात घेते. त्या एकावर एक रचल्या जातात, गोलावर 6 शिवणी उमटतात आणि गोल गोल न राहता षटकोनी दिसू लागतो. डिक्रीज कितीही नीट घेतली, तरी ही रांग डोळ्यांना सापडते.

म्हणून मी जागा सरकवते. 30 टाक्यांच्या फेरीपर्यंत नेहमीसारखेच विणावे. त्यापुढच्या फेरीत आधी 1 मुका खांब आणि 1 डिक्रीज, मग 3 मुके खांब आणि 1 डिक्रीज असे 5 वेळा, आणि शेवटी 2 मुके खांब विणावेत. टाके 24 च होतात, पण नव्या डिक्रीज जुन्यांच्या मधोमध पडतात. पुढची फेरी 2 मुके खांब आणि 1 डिक्रीज अशी 6 वेळा सरळ विणली तरी चालते, कारण तेथे डिक्रीज आपोआप टाळल्या जातात, आणि 18 टाके उरतात. 12 टाक्यांसाठी डिक्रीज आधी घ्यावी आणि मुका खांब नंतर, असे 6 वेळा. शेवटी 12 चे 6 करताना सलग डिक्रीजच असल्याने सरकवण्यास जागा उरत नाही, मात्र तो भाग मानेच्या शिवणीत जातो किंवा तळाशी राहतो.

कापूस 18 टाके उरल्यावर भरण्यास सुरुवात करावी आणि 12 वर नीट ठासून घ्यावा, कारण त्यानंतर बोट आत जात नाही. भरण्याआधी आत दोन बोटे घालून कापड ताणावे आणि उजेडासमोर धरावे. उजेडाचे ठिपके फक्त डिक्रीजपाशी दिसत असतील, तर दोष डिक्रीजचा आहे. ते सगळीकडे सारखेच दिसत असतील, तर सुई धाग्यासाठी मोठी आहे, आणि मग पुढचे लूप घेऊनही काही साधणार नाही. लोकरीच्या वेष्टनावर 4 मिमी लिहिले असेल, तर अमिगुरुमीसाठी 3 किंवा 2.5 मिमीची सुई घ्यावी. गडद धाग्यात पांढरा कापूस लगेच दिसतो, तेथे ही तपासणी चुकवू नये.

उरलेले 6 टाके बंद करतानाही पुढचेच लूप घ्यावेत. धागा शिवणाच्या सुईत ओवून, सुई गोलाच्या मध्यातून बाहेरच्या दिशेने एकेका पुढच्या लूपाखालून काढत जावी आणि सहाही झाल्यावर हळूहळू ओढावी. दोन्ही लूप घेतले तर मध्ये जाड कडे उरते आणि भोक पूर्ण मिटत नाही.

ही पद्धत सर्वत्र लावू नये. कान किंवा पंख ओळी वळवून सपाट विणले जात असतील, तर प्रत्येक दुसऱ्या ओळीत उलट बाजू तुमच्यासमोर असते आणि पुढचा लूप घेतला की दांड्या सुलट बाजूवर येतात. तेथे उलट ओळींत मागचे लूप घ्यावेत, किंवा दोन्ही बाजू दिसणारा पातळ भाग असेल तर सरळ साधी डिक्रीज वापरावी. मखमली, केसाळ धाग्यात तर लूप डोळ्यांना दिसतच नाहीत. ते बोटांनी चाचपत शोधण्यापेक्षा साधी डिक्रीज घ्यावी, तिचे भोक केसांखाली झाकले जाते.