मंडळाचं फेसबुक पेज नव्या समितीकडे देताना मालकी कुठे अडकते: माझा अनुभव

मंडळाची कार्यकारिणी बदलली की बँकेतल्या सह्या बदलतात, कपाटाच्या किल्ल्या हातात जातात, आणि फेसबुक पेजचं काम मात्र "नव्या चिटणीसांना ॲडमिन करून टाका" एवढ्यात आटोपलं असं सगळे धरून चालतात. या वेळी हे काम माझ्याकडे होतं. ॲडमिन करणं सोपं आहे, पण ॲडमिन म्हणजे मालक नव्हे. पेज एखाद्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे पेजेस आणि जाहिरात खाती एकत्र सांभाळायच्या फेसबुकच्या व्यावसायिक खात्यात असेल तर मालकी त्या पोर्टफोलिओची असते, आणि आमचं घोडं तिथेच अडलं.

सोपा भाग आधी सांगतो. पेजवर स्विच होऊन Settings मधलं Page access उघडायचं, नव्या चिटणीसांचं प्रोफाइल निवडायचं, full control म्हणजे पूर्ण ताबा द्यायचा आणि आपला पासवर्ड टाकून पक्कं करायचं. त्यांनी निमंत्रण स्वीकारेपर्यंत त्यांच्याकडे काहीही जात नाही. full control असलेला माणूस इतरांना काढू शकतो, पेज पुसूनही टाकू शकतो. म्हणून निमंत्रण पाठवण्याआधी दोघांच्याही खात्यांवर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, चालू हवं.

निमंत्रण स्वीकारलं गेलं. पण मंडळाच्या नव्या पोर्टफोलिओत पेज जोडायला गेलो तर ते आधीच दुसऱ्याच्या मालकीचं असल्याचं दिसलं. एका पेजची मालकी एका वेळी एकाच पोर्टफोलिओकडे राहते. मागे कार्यक्रमाच्या जाहिरातींसाठी ज्यांना काम दिलं होतं, त्यांनी पेज स्वतःच्या पोर्टफोलिओत मालक म्हणून जोडून घेतलं होतं आणि त्या वेळच्या समितीने ती विनंती न वाचता मान्य केली होती. जाहिराती चालवायला मालकी लागतच नाही. पोर्टफोलिओत पेज जोडताना दुसऱ्याच्या पेजवर नुसतं काम करण्यासाठी प्रवेश मागण्याची वेगळी सोय असते, आणि बाहेरच्या माणसाला तेवढंच द्यायचं. यापुढे अशी कोणतीही विनंती आली की ती मालकीची आहे की प्रवेशाची, हे बघितल्याशिवाय मान्य करू नका.

ही गाठ सोडवणं फक्त त्या पोर्टफोलिओत full control असलेल्याच्या हातात असतं. नव्या चिटणीसांकडे पेजचा पूर्ण ताबा असून उपयोग नव्हता. जाहिरातवाल्यांकडून नुसतं "बघतो, करतो" चाललं होतं. त्यांची भीती अशी की पेज काढलं तर जाहिरातींची जुनी बिलं जातील. तसं होत नाही. जाहिरात खातं वेगळं असतं, ते त्यांच्याकडेच राहतं. त्यांना मग नेमका रस्ताच लिहून पाठवला: बिझनेस सेटिंग्ज, Accounts, त्यात Pages, आपलं पेज निवडा, Remove. पेज पुसलं जात नाही, पोस्ट आणि फॉलोअर जागेवर राहतात.

पण हे बटण दाबायला लावण्याआधी दोन गोष्टी कराच. त्यांच्या जाहिरात खात्यातून पेजच्या चालू जाहिराती बंद करून घ्या. आणि Page access मधली नावं एकेक करून तपासा. आमचे दोन स्वयंसेवक मेसेजना उत्तरं देत होते, पण त्यांना प्रवेश त्या पोर्टफोलिओमार्फत मिळालेला होता. पेज तिथून निघालं की असा प्रवेशही संपतो. त्यांना आधीच थेट पेजवर घेतलं, म्हणून उत्सवाच्या चौकश्या अनुत्तरित राहिल्या नाहीत. पेज मोकळं झाल्यावर ते मंडळाच्या पोर्टफोलिओत घ्यायचं, आणि त्या पोर्टफोलिओतही पूर्ण ताबा निदान दोघांकडे ठेवायचा.

आणखी एक, जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: वैयक्तिक खात्याचा पासवर्ड देऊन "पेज दिलं" असं कुणी करू नये. ते खातं त्या माणसाचं असतं, त्याच्याबरोबर जातं. पैसे घेऊन पेज किंवा ॲडमिनपद विकणं तर फेसबुकच्या नियमांत बसतच नाही. समितीच्या ठरावात जुन्या आणि नव्या जबाबदार व्यक्तींची नावं लिहून ठेवावीत. मालकीचा वाद फेसबुकच्या मदत विभागाकडे न्यायची वेळ आली तर ठराव आणि नोंदणी प्रमाणपत्र हाताशी हवं.

पेजवरचा फोन नंबर, ईमेल आणि आपोआप जाणारं उत्तर जुन्या चिटणीसांचंच राहिलेलं असतं, तेही बदला. जोडलेलं इन्स्टाग्राम खातं वेगळं तपासा, आणि फेसबुक ग्रुप असेल तर त्याचे ॲडमिन तिथे जाऊन स्वतंत्र बदलावे लागतात. इनबॉक्समधले जुने मेसेज नव्या लोकांना दिसतात. वर्गणीच्या तक्रारी, घरगुती अडचणी असं खाजगी काही त्यात असेल तर समितीला आधी कल्पना द्या.

जुन्या माणसाने मात्र घाईने बाहेर पडू नये. नव्या चिटणीसांनी एक पोस्ट टाकून, Page access मध्ये एखादं नाव बदलून, पोर्टफोलिओत पेज दिसतंय ना हे पाहून घेतल्यावरच त्याने आपलं नाव काढावं.